बोटीवरचा मोठा आकडा: प्रोग्रेसिव्ह जॅकपॉटबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी डिचोलीचा. आधी पणजीजवळच्या एका पंचतारांकित हॉटेलात आणि मग मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर, अशी मिळून अकरा वर्षं मी स्लॉट मशीनांचा टेक्निशियन म्हणून काम केलं. लग्नकार्यात, जत्रेत, अगदी बाराव्याच्या जेवणाला बसलो तरी कुणीतरी जवळ सरकतं आणि हळूच विचारतं, "तो वरचा आकडा खरा असतो का रे?" वरचा आकडा म्हणजे प्रोग्रेसिव्ह जॅकपॉट, लोक खेळतील तसं वाढत जाणारं मोठं बक्षीस. सगळ्यात जास्त प्रश्न आमच्या दाजींचे. ते कोल्हापूरचे. वर्षातून एकदा मित्रांबरोबर गोव्याला येतात, दोन रात्री बोटीवर जातात आणि परत जाताना आमच्याकडे जेवायला थांबतात. खाली जे प्रश्न आहेत त्यातले निम्मे तरी त्यांच्या ताटावरचे आहेत.

हिशेबासाठी सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय. एका हॉलमध्ये एकमेकांना जोडलेली ३० मशीनं, वर एकच मोठा डिस्प्ले. प्रत्येक स्पिन, म्हणजे एकदा बटण दाबून खेळलेला डाव, १०० रुपयांचा. ही ओळ कुठल्याही खऱ्या जागेची नाही. आकडे हिशेब सोपा जावा म्हणून मी निवडले आहेत, साचा मात्र खऱ्या मशीनांचाच आहे.

वर फिरत असतो तो आकडा नक्की कुणाच्या पैशाचा?

खेळणाऱ्यांच्या. प्रत्येक मशीनला आतून एक तार असते, ती एका छोट्या कॉम्प्युटरकडे जाते. त्याला आम्ही कंट्रोलर म्हणायचो. तुम्ही १०० रुपयांचं बटण दाबलं की मशीन कंट्रोलरला कळवतं, शंभर लागले. कंट्रोलर त्यातला ठरलेला हिस्सा जॅकपॉटच्या खात्यात धरतो. आपल्या उदाहरणात तो दीड टक्का आहे, म्हणजे दीड रुपया. त्यातला एक रुपया वरच्या डिस्प्लेतल्या आकड्यावर, म्हणजे मीटरवर, चढतो. उरलेले पन्नास पैसे मीटरवर दिसत नाहीत, त्यांचं काय होतं ते पुढे सांगतो.

तुम्ही जिंकलात की हरलात याच्याशी या वर्गणीचा संबंध नाही. बटण दाबलं की दीड रुपया गेला. शेजारच्या मशीनवर बसलेल्या बेळगावच्या काकांचाही गेला, कोपऱ्यातल्या हैदराबादच्या मुलांचाही गेला. म्हणून मीटर तुम्ही हात न लावताही वाढत असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की घराने, म्हणजे कॅसिनोने, पैसे लावलेत.

मग ही भिशीच झाली की?

दाजींचा हाच पहिला प्रश्न होता. गोळा करण्यापुरती भिशीच. पण भिशीत वीस जण असतील तर वीस महिन्यांत प्रत्येकाचा नंबर लागतो आणि घातलेले पैसे परत मिळतात. इथे नंबर नसतो. दीड रुपया घालून उठून गेलेला माणूस कायमचा बाहेर, त्याची वर्गणी दुसऱ्याच्या बक्षिसात राहते. शिवाय भिशी चालवणाऱ्या वहिनी प्रत्येक हप्त्याच्या शंभरातले दहा स्वतःकडे ठेवत नाहीत.

मीटर शून्यापासून का सुरू होत नाही?

शून्यावरच्या मीटरसमोर कोण बसेल? जॅकपॉट लागून गेला की मीटर एका ठरलेल्या रकमेवर परत येतो. तिला सीड म्हणतात. आपल्या उदाहरणात सीड २५ लाखांचं आहे.

लोकांना वाटतं हे २५ लाख मालक खिशातून घालतो. पहिल्यांदा मशीनं बसवताना घालावे लागतात, हे खरं. नंतर मात्र ते न दिसणारे पन्नास पैसे कामाला येतात. ते प्रत्येक स्पिनला बाजूच्या खात्यात साठतात आणि पुढच्या सीडची सोय होते. म्हणजे आज तुम्ही खेळता तेव्हा आजच्या विजेत्याचं बक्षीस तर भरताच, उद्याच्या डावाची सुरुवातही तुम्हीच करून देता.

इतका क्वचित का लागतो? काहीतरी गडबड असणारच.

गडबडीची गरजच नाही. बक्षीस मोठं असणं आणि ते क्वचित लागणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एक ठरवली की दुसरी आपोआप ठरते. कसं ते आकड्यांतून बघू.

आपल्या मशीनवर जॅकपॉट लागण्याची शक्यता प्रत्येक स्पिनला ५० लाखांत एक आहे असं धरा. म्हणजे दोन जॅकपॉटच्या मध्ये सरासरी ५० लाख स्पिन होतात. प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे ५० कोटींचं लावणं. त्याचा एक टक्का मीटरवर चढला, ५० लाख. त्यात सीडचे २५ लाख मिळवा. सरासरी जॅकपॉट ७५ लाखांचा. आणि बाजूच्या खात्यात अर्धा टक्का, म्हणजे बरोबर २५ लाख जमलेले असतात. पुढचं सीड तयार.

आता या ५० कोटींतलं बाकीचं कुठे गेलं? जॅकपॉट सोडून मशीनचा परतावा साडेअठ्ठ्याऐंशी टक्के धरू. म्हणजे ४४ कोटी २५ लाख छोट्या-मोठ्या बक्षिसांतून लोकांना परत मिळाले आणि बहुतेक वेळा त्यांनी ते तिथल्या तिथेच परत लावले. ७५ लाख एका माणसाला मिळाले. घराकडे ५ कोटी राहिले. जॅकपॉटवाल्याचा फोटो भिंतीवर लागतो, या पाच कोटींचा कुठे लागत नाही.

दाजी म्हणाले, "मग जरा लवकर लागेल असं करायचं की, रोज एकाला तरी." करता येतं. आपल्या ३० मशीनांवर दिवसाकाठी प्रत्येकी पाच तास खेळ होतो आणि तासाला ५०० स्पिन पडतात असं धरा. दिवसाला ७५ हजार स्पिन होतात. प्रत्येकी दीड रुपया, म्हणजे रोज १ लाख १२ हजार ५०० रुपये जमतात. रोज एक जॅकपॉट लागावा अशी शक्यता ठेवली तर बक्षीस सरासरी तेवढंच राहील. त्या आकड्यासाठी कोल्हापूरहून कुणी गाडी काढत नाही. ७५ लाख लिहायचे असतील तर ५० कोटी लावले जाईपर्यंत थांबावंच लागतं, कारण दर रुपयातून दीड पैसाच त्या डब्यात पडतोय.

दाजींच्या दोन रात्रींचाही हिशेब करून दाखवला. रात्री तीन तास, तासाला ५०० स्पिन, दोन रात्रींचे ३,०००. शक्यता आली १,६६७ मध्ये एक. दरवर्षी न चुकता असेच दोन रात्री आले तरी सरासरीने एकदा लागायला १,६६७ वर्षं हवीत. गोव्यात कदंबांचं राज्य यायच्या कितीतरी आधीपासून त्यांनी मशीनसमोर बसायला हवं होतं. ताई स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, "बसले असते."

आणि खर्च? ३,००० स्पिन गुणिले १०० म्हणजे ३ लाखांचं लावणं. ते म्हणाले, मी तर चाळीस हजारच नेले होते. बरोबर आहे, तेच पैसे जिंकून, परत लावून फिरत राहतात. पण वर्गणी आणि घराचा हिस्सा खिशातल्या चाळीस हजारांवर नाही, फिरलेल्या तीन लाखांवर कापला जातो. ज्याला जॅकपॉट लागत नाही त्याच्यासाठी परतावा साडेअठ्ठ्याऐंशी टक्केच. म्हणजे सरासरी ३४,५०० रुपये गेले. एखादा माणूस प्रत्यक्षात जिंकूनही उठतो, एखादा सगळे घालवून. पण मशीनवर "परतावा ९० टक्के" असं कुणी सांगितलं तर विचारा, जॅकपॉट धरून की सोडून.

रिळावर, म्हणजे चित्रांच्या फिरत्या चाकावर, तर वीस-बावीसच चित्रं दिसतात. मग ५० लाखांत एक कसं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरी गोम इथेच आहे.

जुन्या मशीनांत दिसेल तेच खरं होतं. तीन रिळं, प्रत्येकावर २२ जागा, जॅकपॉटचं चित्र प्रत्येकावर एकदा. तिन्ही एका ओळीत येण्याची शक्यता २२ गुणिले २२ गुणिले २२, म्हणजे १०,६४८ मध्ये एक. असल्या मशीनवर कोटीचं बक्षीस ठेवलं तर मालक महिन्याभरात रस्त्यावर येईल. रिळं मोठी करावीत तर मशीन दारातून आत जाणार नाही आणि चित्रं बघूनच लोकांना कळेल की हे अवघड आहे.

यावर इंगे टेल्नेस यांनी उपाय काढला. त्याचं अमेरिकन पेटंट १९८४ सालचं आहे. कल्पना अशी, की रीळ कुठे थांबायचं ते रीळ ठरवत नाही. आतली चिप एक यादृच्छिक आकडा काढते आणि रीळ फक्त त्या आकड्याच्या जागेवर जाऊन उभं राहतं. डोळ्याला २२ जागा दिसतात, पण चिप १७१ आकड्यांतून एक निवडते असं धरा. जॅकपॉटच्या चित्राला त्यातला एकच आकडा दिलेला असतो. १७१ चा घन करून बघा, ५०,००,२११ येतो. आपले ५० लाख इथून आले.

उरलेले १७० आकडे बाकीच्या २१ जागांना वाटलेले असतात आणि ते सारखे वाटायलाच हवेत असं काही नाही. जॅकपॉटच्या चित्राच्या लगेच वर आणि खाली रिकाम्या जागा असतात. त्यांना प्रत्येकी बारा आकडे दिले, तर ते चित्र ओळीवर एकदा येईल तेवढ्यात ओळीच्या जरा वर किंवा जरा खाली चोवीस वेळा दिसेल. "थोडक्यात हुकलं हो!" असं ओरडणारा माणूस मी दर रात्री ऐकला आहे. थोडक्यात काही हुकलेलं नसतं. आकडा बटण दाबल्याच्या क्षणीच निघालेला असतो आणि तो जॅकपॉटच्या आकड्याच्या जवळचा होता की लांबचा याला अर्थ नसतो.

हल्लीच्या व्हिडिओ मशीनांत खरी रिळंच नसतात, त्यामुळे पडद्यावरची पट्टी हवी तेवढी लांब करता येते. काही खेळांत जॅकपॉटसाठी वेगळाच आकडा निघतो आणि रिळांवर काय आलं याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं.

चार महिने लागला नाही. मशीन भरलंय, आता देणारच ना?

"भरलंय", "तापलंय", "आता सोडणार". माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त ऐकलेले शब्द. मशीनला मागचं काही आठवत नाही. मीटर भरत असतो, शक्यता भरत नाही. पन्नास लाख स्पिन कोरडे गेल्यावरही पुढच्या स्पिनची शक्यता ५० लाखांत एकच राहते.

आपल्या उदाहरणात जॅकपॉट सरासरी ६७ दिवसांनी लागतो. पण सरासरी म्हणजे वेळापत्रक नव्हे. ६७ दिवस उलटूनही न लागण्याची शक्यता ३७ टक्के आहे. १३४ दिवसही कोरडे जाण्याची साधारण साडेतेरा टक्के. दोनशे दिवस कोरडे जाण्याची पाच टक्के, म्हणजे वीस वेळा मोजलं तर सरासरी एकदा हे होतं. उलट बाजूही बघा: एक जॅकपॉट लागून गेल्यावर आठवड्याच्या आत दुसरा लागण्याची शक्यता दहा टक्के आहे. तो लागला की मात्र लोक म्हणतात, आपल्या माणसाला दिला.

मीटर किती वाढला की खेळणं फायद्याचं होतं?

गणिताने याला उत्तर आहे. जॅकपॉट सोडून प्रत्येक शंभरामागे साडेअकरा रुपये जातात. ते भरून निघायला बक्षीस हवं साडेअकरा गुणिले ५० लाख, म्हणजे ५ कोटी ७५ लाख. मीटर २५ लाखांवरून तिथपर्यंत चढायला, एका स्पिनला एक रुपया या दराने, साडेपाच कोटी स्पिन लागतील आणि त्यांतला एकही स्पिन जॅकपॉटचा नसावा लागेल. ही सरासरीच्या अकरापट वाट आहे. असं होण्याची शक्यता साठ हजारांत एक. हा हिशेब करवजा न करता केलेला. कर धरला तर पावणेसहा कोटीही पुरत नाहीत.

आणि समजा तसा आकडा खरंच दिसला. तरी तुम्ही त्या रात्री किती स्पिन करणार, हजार-दोन हजार? फायदा कागदावर राहील, पैसे मशीनमध्ये.

पण काही मशीनांवर लिहिलेलं असतं, "अमुक रकमेच्या आत लागणारच". तेही खोटं?

नाही, तो वेगळा प्रकार आहे आणि तिथे वरचं उत्तर चालत नाही. याला मिस्टरी जॅकपॉट म्हणतात. समजा १०,००० पासून ५०,००० पर्यंतचा मीटर आहे. कंट्रोलर आधीच या दोन्हींच्या मधली एक रक्कम गुप्तपणे निवडून ठेवतो, समजा ३१,४१७. ज्याच्या वर्गणीने मीटर ती रक्कम ओलांडतो त्याला जॅकपॉट. रिळांवर काहीही येवो.

इथे मीटर पन्नास हजारांच्या जवळ गेला असेल तर "आता लागणार" हे खरंच असतं, कारण उरलेली जागा कमी झालेली असते. ४९,५०० वर मीटर दिसला तर अनुभवी खेळाडू ती जागा सोडत नाहीत, लघवीलाही उठत नाहीत. पण बक्षीस पन्नास हजारांचं आहे हे विसरू नका. कोटींच्या मीटरवर अशी वरची मर्यादा लिहिलेली मी तरी पाहिलेली नाही. दोन्ही प्रकारांचे मीटर एकाच डिस्प्लेवर वर-खाली लावलेले असतात, "मिनी", "मेजर", "ग्रँड" अशा नावांनी. खालचा वारंवार लागतो आणि त्याचा भोंगा वरच्यासाठी जाहिरातीचं काम करतो.

कमीत कमी लावून खेळलं तर मोठा जॅकपॉट लागतो का?

मशीनच्या काचेवरचं वाचा. पुष्कळ मशीनांवर जास्तीत जास्त क्रेडिट लावली असतील तरच जॅकपॉट मिळतो. कमी लावून तीच तीन चित्रं आली तर ठरलेली छोटी रक्कम हातात पडते. म्हणजे वर्गणी देऊनही तुम्ही स्पर्धेत नसता. हे असं होताना मी एकदा पाहिलंय. हुबळीचं जोडपं होतं. बायकोचा दोन दिवस नवऱ्याकडे बघायचा विचार नव्हता. दुसऱ्या काही खेळांत कुठल्याही रकमेला जॅकपॉट लागू शकतो, पण जितकं लावाल तितकी शक्यता वाढते.

कधी द्यायचा ते हॉटेलवाले बटण दाबून ठरवतात का?

माझ्याकडे असं बटण कधी नव्हतं. मॅनेजरकडेही नव्हतं, आणि ठेवायचं तरी कशाला? जॅकपॉट आज लागला काय आणि तीन महिन्यांनी लागला काय, ते पैसे लोकांच्या वर्गणीतून आलेले आहेत. घराचा दहा टक्के हिस्सा त्यामुळे हलत नाही. उलट जॅकपॉट लागला की हॉल भरतो.

गडबड होते ती दुसरीकडे, आणि ती कंटाळवाणी असते. मी काम करत होतो त्यातल्या एका ठिकाणी जॅकपॉट रात्री एकला लागून गेला, विजेत्याचं मशीन थांबलं, कंट्रोलरने मीटर सीडवर आणला. पण छताजवळच्या मोठ्या डिस्प्लेची केबल ढिली होती. तो जुन्याच आकड्यावर गोठून राहिला. ज्यांनी भोंगा ऐकला नव्हता ते पहाटे चारपर्यंत त्या आकड्याकडे बघत खेळत होते. मला बोलावलं तेव्हा एक गृहस्थ कंटाळून विचारत होते, "हा वाढत का नाही हो?" त्या एका माणसाने तीन तासांत जे पाहिलं ते आमच्या शिफ्टमधल्या कुणी पाहिलं नाही. वरिष्ठांनी विषय तिथेच मिटवला, कुणालाही काही परत दिलं नाही. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

म्हणून बसण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा. तीसपैकी पंधरा मशीनं चालू असतील तर तासाला ७,५०० स्पिन होतात, म्हणजे मिनिटाला साधारण सव्वाशे रुपयांनी मीटर चढायला हवा. हॉल भरलेला असून आकडा हलत नसेल तर डिस्प्ले अडकलाय किंवा जोडणी तुटलीय. मशीनच्या स्वतःच्या पडद्यावरही जॅकपॉटचा आकडा असतो, तो वरच्याशी जुळतो का बघा. जुळत नसेल तर उठा. जोडणी तुटलेली असताना मशीनने खेळ थांबवायला हवा, पण सगळीकडे तशी सेटिंग असतेच असं नाही.

रात्री हॉल ओसाड असेल आणि तुम्ही एकटेच खेळत असाल, तर मीटरचा दरही काढता येतो. आकडा लिहून ठेवा, दहा स्पिन करा, परत बघा. हजार रुपयांमागे दहा रुपये चढले तर दर एक टक्का. बाजूच्या खात्यात काय जातंय ते मात्र यातून कळत नाही.

परदेशात शेकडो कोटींचे जॅकपॉट लागतात ते कसे?

तेच गणित, फक्त ओळ लांब. एका हॉलमधल्या मशीनांऐवजी राज्यभरातली मशीनं टेलिफोन लायनीने जोडली की वर्गणीदार वाढतात. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात 'मेगाबक्स' हा खेळ १९८६ साली असा सुरू झाला. तिथे प्रत्येक रिळामागे ३६८ आकडे असल्याचा हिशेब प्रसिद्ध आहे. ३६८ चा घन, म्हणजे ४ कोटी ९८ लाखांत एक. जॅकपॉटसाठी तीन डॉलर लावावे लागतात. म्हणजे दोन जॅकपॉटच्या मध्ये सरासरी जवळपास १५ कोटी डॉलर लावले जातात.

त्याचा विक्रमी जॅकपॉट मार्च २००३ मध्ये लास व्हेगासच्या एक्सकॅलिबर हॉटेलात लागला, ३ कोटी ९७ लाख डॉलरचा. हा आकडा ऐकून डोळे फिरतात, पण तो २५ वार्षिक हप्त्यांत द्यायचा असतो. हप्ता सोळा लाख डॉलरच्या आतला. पंचवीस वर्षांनी मिळायच्या हप्त्यासाठी आज पूर्ण रक्कम बाजूला ठेवावी लागत नाही, व्याज काम करतं. म्हणून मीटरवर मोठा आकडा लिहिणं आयोजकाला परवडतं.

आपल्याकडे मी ज्या जागा पाहिल्या तिथे जोडणी एकाच छताखालची होती. त्यामुळे गोव्यात लाखांचे मीटर दिसतात, तिकडच्यासारखे नाहीत.

मोबाइलवर येतात त्या जॅकपॉटच्या जाहिरातींचं काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं बंद केलंय. बोटीवरचा मीटर अडकला तर निदान ओरडायला समोर माणूस असतो. मोबाइलवरचा आकडा नुसतं चित्र आहे की त्यामागे खरंच खातं आहे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

गोव्याच्या माणसाला खेळता येतं का?

नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून स्थानिकांना कॅसिनोत खेळायला प्रवेश नाही. नोकरीसाठी चालतं. म्हणून मी अकरा वर्षं मशीनं उघडली, पण बटण दाबलं ते चाचणीच्या मोडमध्येच.

समजा लागलाच. हातात किती येतात?

आधी मशीन स्वतःला कुलूप लावून घेतं. बटणं चालत नाहीत, भोंगा वाजतो. अशा वेळी तुम्ही उठू नका आणि कार्ड काढू नका. अटेंडंट येतो, मग आमच्यासारखा टेक्निशियन. आम्ही मशीनचं दार उघडून आतल्या बॉक्सचं सील बघायचो, मग मेमरीतून शेवटचा डाव पडद्यावर परत मागवायचो, लावलेली रक्कम आणि कंट्रोलरची नोंद जुळवायचो. सॉफ्टवेअर मंजूर झालेलंच आहे का तेही तपासलं जायचं. मशीनच्या काचेवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की बिघाड असल्यास सगळी बक्षिसं रद्द. हे वाक्य शोभेचं नाही, म्हणून तपासणी होईपर्यंत घरी फोन करू नये हे बरं.

मग पॅन कार्ड. अशा जिंकण्यावर सरळ ३० टक्के कर आहे आणि तो देतानाच कापून घेतात. ७५ लाखांचे २२ लाख ५० हजार तिथेच गेले, हातात ५२ लाख ५० हजार. रिटर्न भरताना सेस आणि सरचार्ज वेगळा. इतक्या वर्षांत हरलेले पैसे यातून वजा करता येत नाहीत. दाजींना हे सगळ्यात जास्त लागलं. ते म्हणाले, "म्हणजे हरलेलं माझं आणि जिंकलेलं सरकारचं?" शिवाय आत जाताना चिप किंवा क्रेडिट घेण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी असतो: १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. तो जॅकपॉट लागो न लागो, द्यावाच लागतो.

सह्या झाल्या की मी किल्ली फिरवून मशीन रीसेट करायचो. वर २५,००,००० यायचे. सगळे विजेत्याचा फोटो काढत असायचे, आणि बहुतेक वेळा मी दार लावायच्या आतच शेजारच्या मशीनवर कुणीतरी बटण दाबलेलं असायचं. २५,००,००१.